भागीबाईचं पुढचं वाक्य

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका खोलीत फरशीभर कागदाच्या पट्ट्या पसरल्या होत्या. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याच्या पाण्यावरची डॉक्युमेंटरी सुयश करत होता आणि सरिता तिचं संकलन. सगळ्या मुलाखती तिनेच ऐकून शब्दन्‌शब्द उतरवल्या होत्या. कॉम्प्युटरवर एकही शॉट जोडण्याआधी गोष्ट कागदावर उभी करायची, म्हणून निवडलेली वाक्यं टाइमकोडसकट, म्हणजे चित्रीकरणातल्या वेळेसकट, कापून दोघं त्यांचा क्रम लावत होते. निळ्या चिठ्ठ्या म्हणजे नुसती दृश्यं, बोलणं नाही.

सुयशने शेवटची पट्टी ठेवली, पाड्यावरच्या भागीबाईची. "लय भलं केलं हो संस्थेनं. नळ दिला."

सरिताने ती उचलली. "दादा, ही अर्धीच कापलीय."

"पुढचं नकोय."

"पुढे भागीबाई म्हणते, 'आता त्याच्यावर कपडे वाळवतो.' आणि हसते. ती टोमणा मारतेय. नळाला पाणी कुठे आहे?"

"कागदावर कुठे हसू दिसतं? हसण्याच्या आधी कट मारू. संस्थेनेच फिल्म करायला दिलीय, सरिता."

"मग संस्थेच्या माणसाला बोलायला लावा. भागीबाईच्या तोंडी हे घालणार नाही मी."

"तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल."

"करू दे. माझं नाव काढा."

सुयश चिडून चहाला निघून गेला. सरिताने अख्खी मांडणी मोडली. भागीबाईचा उतारा पुन्हा प्रिंट केला, टोमण्यासकट. तो आता शेवटून सुरुवातीकडे आला. त्याच्याआधी संस्थेचे साहेब: "घरोघरी नळ पोचवला." तेही वाक्य तिने पुरतं ठेवलं, कारण साहेबांनाही अर्धवट कापायचं नव्हतं. मग बायकांनी पाण्यासाठी ओढ्याच्या वाळूत झिरा, म्हणजे खड्डा, खणल्याची हकीकत, एकीचं बोलणं दुसरीने पुढे नेत. मध्ये निळी चिठ्ठी: वाळूतून वर येणारं पाणी.

सुयश परतला तेव्हा ती म्हणाली, "मोठ्याने वाचते. अडखळलं तिथे सांगा."

तिने मोबाइलवर वेळ लावली आणि वाचू लागली. झिऱ्यापाशी सुयशने हात वर केला. "इथे दोघी एकच सांगतायत. एक काढ."

सरिताने एक पट्टी काढली. बाकी कुठेच तो अडखळला नाही.

"हे संस्थेला नाही चालणार," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे."

तरी त्याने तोच क्रम टाइप करून संस्थेला पाठवला. संस्थेने भागीबाईच्या टोमण्यासकट दोन जागा बदलायला सांगितल्या. सुयशने नकार कळवला, तेव्हा त्यांनी फिल्ममधून अंग काढून घेतलं.  मग तो खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर सरिताशेजारी बसला.

"उघड टाइमलाइन. साहेबांपासून सुरू कर."

फिल्म पहिल्यांदा पाड्यावरच्या शाळेत दाखवली. भागीबाई पुढे बसली होती. संपल्यावर ती सरिताला म्हणाली, "मी बोलले तसंच ठेवलंस. आता साहेबाला बोलाव. त्याच्या म्होरं ही फिल्म लाव."

सरिताने तिथूनच साहेबांना फोन लावला.