दर्जात तडजोड नाही

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या विजयाबाईंच्या डब्याचा दर तीन वर्षं वाढला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. कोणी विचारो न विचारो, त्या सांगायच्याच. तेल कुठल्या कुठे गेलं, सिलेंडर परवडेना, पंडरीतल्या भोजनालयांनी दोनदा भाव वाढवले. पण आपला डबा महिन्याला सव्वीसशेच. पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि शुक्रवारी काहीतरी गोड.

डबे दोघी जावांचे होते. गिऱ्हाईक, पैसे, फोन हे सगळं विजयाबाईंकडे. स्वयंपाक आणि किराणा धाकट्या शर्मिष्ठाकडे. महिन्याच्या सुरुवातीला विजयाबाई तिच्या हातात किराण्याचे पैसे ठेवायच्या आणि मग त्या बाजूला वळूनही पाहायच्या नाहीत.

मार्चच्या शेवटी मात्र सिलेंडरवाल्याने नवा भाव सांगितला आणि त्यांचाही धीर सुटला. दुपारभर बसून त्यांनी मोबाइलवर मेसेज लिहिला, हिंदीतून आणि मराठीतून, आणि मराठी शर्मिष्ठाला वाचून दाखवला:

‘नमस्कार. तुम्ही सगळे आमच्या घरचेच. गेल्या तीन वर्षांत सगळं महागलं, तरी आम्ही डब्याचा दर एका रुपयानेही वाढवला नाही आणि दर्जात कधी तडजोड केली नाही. आता मात्र नाइलाज आहे. एक तारखेपासून दर सव्वीसशेऐवजी एकतीसशे राहील. तुमचं प्रेम असंच राहू द्या.’

शर्मिष्ठाचं लाटणं थांबलं. “ते दर्जाचं काढा न, ताई.”

“काहून?”

“असंच. त्याची काही गरज नाही.”

“गरज कशी नाही? तेच तर मोठं आहे आपलं. भाव सांगायच्या पहिले आपण काय केलं ते सांगावं लागते.”

शर्मिष्ठा पुन्हा पोळी लाटू लागली. विजयाबाईंनी मेसेज गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकून दिला. महिना संपायला तीन दिवस राहिले होते.

आधी दोन-चार हात जोडलेल्या इमोजी आल्या. मग चारुदत्त नावाच्या एका तरुणाचं उत्तर आलं. तो नव्या रायपूरला मंत्रालयात कामाला होता. ‘काकू, भाव वाढवा, पण तीन दिवस पहिले सांगता? मी तर पुढच्या महिन्याचे पैसे भरले.’

विजयाबाई उत्तर टाइप करत होत्या, तेवढ्यात शामरावांचं आलं. शामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून दोन्ही वेळा याच डब्यावर. ग्रुपवर ते कधी बोलत नसत. त्यांनी लिहिलं होतं: ‘दर वाढवा. माझी ना नाही. पण दर्जाचं खोटं काहून लिहिता?’

त्यानंतर जणू बांध फुटला.

‘मले वाटे मलेच असं वाटून राहिलं.’

‘वरणात दाळ शोधावी लागते.’

‘शुक्रवारचं गोड कधी बंद झालं ते तरी सांगा.’

‘दीदी, तेल की महक से पेट खराब होता है, छह महीने से बोलना था.’

आपापल्या खोलीत प्रत्येकाने गिळलेली तक्रार आता सगळ्यांसमोर एकापाठोपाठ एक पडत होती. विजयाबाईंचे कान तापले. तीन वर्षं यांच्यासाठी जिवाचं रान केलं आणि हे! त्यांनी बोट आपटत लिहिलं: ‘ज्यांना पटत नाही त्यांनी डबा बंद करावा.’ आणि पाठवून दिलं.

उत्तरं थांबली. मग ‘ग्रुप सोडला’, ‘ग्रुप सोडला’ अशा ओळी खाली येत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोचवणारा भैय्यालाल गाडी लावून आत आला. शहराबाहेरच्या उरला कारखाना-वस्तीपर्यंत त्याचा फेरा होता. “दीदी, उरलावाले मन मना करत हें. आज के डब्बा घलो नइ लिन.”

“नाही घेतला तर नाही घेतला!” विजयाबाई ओरडल्या. “तुमले काय करायचं?”

“मोला का करना हे,” भैय्यालाल शांतपणे म्हणाला आणि परत आलेले भरलेले डबे ओट्यावर ठेवून निघून गेला.

दुपारी शामराव स्वतः आले. उन्हातून चालत आल्याने त्यांचा चेहरा लाल झाला होता. हातात घासलेला रिकामा डबा. विजयाबाईंनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

“डबा द्यायला आलो,” ते म्हणाले. “बंद करा म्हटलं न तुम्ही. केला.”

“भाऊ, तुमच्यासाठी नव्हतं ते. रागात...”

“राग? राग तुमले कशाचा आला? राग तर आम्हाले यायले पाहिजे. वर्ष झालं, बाई, वर्ष. मी रोज पाण्यासारखं वरण प्यालो. म्हटलं, बाई भाव वाढवत नाही, अडचण असन, आपण काहून बोलावं? माह्यासाठी ते माह्या-तुमच्यामधलं होतं. अन् तुम्ही लिहिता, तडजोड केली नाही! म्हणजे मले काय चव कळत नाही? का म्हातारा झालो म्हणून काहीही चालते?”

“वरण पातळ नाही होत आमच्याकडे,” विजयाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शामरावांनी हातातला डबा पुढे केला. “तुम्ही खाल्लं कधी?”

एवढं बोलून ते डबा ठेवून गेले.

विजयाबाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. घरचं जेवण वेगळ्या कुकरमध्ये व्हायचं; डब्यांच्या मोठ्या पातेल्याकडे त्या कित्येक महिन्यांत गेल्या नव्हत्या. झाकण काढून त्यांनी पळीभर वरण वाटीत घेतलं. पळी तळापर्यंत घातली तरी तळ दिसत होता. हळदीचं पिवळं पाणी, वर जिऱ्याचे चार दाणे. त्यांनी घोट घेतला आणि वाटी ओट्यावर आपटली.

“हे काय आहे, शर्मिष्ठा?”

“वरण.”

“हे वरण आहे? नाक कापलं तू माह्यं! लोकं तोंडावर खोटारडी म्हणून राहिले मले, अन् तू तोंड शिवून बसली होती?”

शर्मिष्ठाने गॅस बंद केला. ती कधी आवाज चढवत नसे, पण आज तिचा आवाज बाहेरच्या गल्लीत ऐकू गेला.

“तोंड शिवलं? तीन वेळा सांगितलं मी तुमले, पैसे पुरत नाहीत. एकदा दोन वर्षांपहिले पावसाळ्यात, मग दिवाळीत, मग मागच्या वर्षी संक्रांतीले. तुम्ही काय म्हटलं? ‘भागव.’ तीन वर्षांपहिले देत होत्या तेवढेच पैसे देता, अन् तेवढेच डबे पाहिजेत. मग भागवलं मी. तेल बदललं, दाळ कमी केली, शुक्रवारचा शिरा बंद केला. पोळीले हात लावला नाही, कारण उपाशी कोणाले ठेवायचं नव्हतं. भाव न वाढवल्याचं नाव तुमचं झालं, अन् पाणी ओतायचं पाप माह्या हाताले! काल म्हटलं ते वाक्य काढा. काढलं तुम्ही?”

“मग पाणी ओततानाच काहून सांगितलं नाही?”

“तुम्ही ऐकत होत्या?”

विजयाबाईंचा राग आणखीनच चढला. त्या बाहेरच्या खोलीत जाऊन पंख्याखाली बसल्या. राग कोणावर काढावा हे समजेना. गिऱ्हाइकांवर काढून झाला होता, भैय्यालालवर झाला होता, जावेवर झाला होता. उरल्या त्या स्वतःच.

तासाभराने त्या मोबाइल घेऊन पुन्हा आत आल्या. “ऐक. ग्रुपवर नाही, एकेकाले वेगवेगळा पाठवते. म्हणजे पुन्हा तमाशा नको.” आणि वाचू लागल्या, “‘स्वयंपाकघराकडून काही त्रुटी राहिल्या असतील तर...’”

“स्वयंपाकघर म्हणजे मी न?” शर्मिष्ठा म्हणाली. “अन् ‘असतील’ काय? राहिल्याच. असं लिहायचं असन तर उद्यापासून तुम्हीच लाटा पोळ्या.”

“मग काय लिहू? आम्ही चोर आहो?”

“जे झालं ते लिहा. अन् ग्रुपवरच लिहा. खोटं सगळ्यांसमोर बोललो, तर खरं एकेकाच्या कानात काहून सांगायचं?”

दोघी अंधार पडेपर्यंत भांडल्या. एकेका शब्दावरून भांडल्या. विजयाबाईंना दर थोडा खाली आणावासा वाटत होता. शर्मिष्ठा म्हणाली, खाली आणला की पुन्हा पाणी ओतायची पाळी येईल, आणि मी ते करणार नाही. मुदत द्यायचं विजयाबाईंनीच सुचवलं. त्यात आपलं नुकसान आहे हे दोघींनाही कळत होतं. शेवटी ग्रुपवर गेलं ते असं:

‘काल आम्ही लिहिलं की दर्जात तडजोड केली नाही. ते खरं नव्हतं. दर न वाढवता भागवायचं म्हणून वर्षभर वरण पातळ केलं, तेल बदललं, शुक्रवारचं गोड बंद केलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही. डबा बंद करा म्हटलं, तेही चुकलं. माफ करा.

नवा दर एकतीसशेच राहील, त्याहून कमी आम्हाला जमत नाही. पण तो या एक तारखेपासून नाही, एक महिन्यानंतर, एक मेपासून लागेल. वरण, तेल आणि गोड मात्र उद्यापासूनच पहिल्यासारखं. ज्यांना एकतीसशे जड जातात त्यांना भात आणि गोड नसलेला छोटा डबा सव्वीसशेतच मिळेल. ज्यांना सोडायचं आहे त्यांनी सांगावं, भरलेले पैसे परत करू. विजया आणि शर्मिष्ठा.’

जे ग्रुप सोडून गेले होते त्यांना विजयाबाईंनी हाच मेसेज वेगळा पाठवला. मग मोबाइल उलटा ठेवून दिला. कोणी काय लिहितं ते पाहायची त्यांची हिंमत नव्हती.

सगळं गोड झालं नाही. उरल्याचे लोक परतले नाहीत. त्यांना पंडरीचा एक भोजनालयवाला मिळाला होता. एकाने लिहिलं, ‘पकडे गए तो माफी.’ विजयाबाई ते वाचून पुन्हा पेटल्या, पण या वेळी शर्मिष्ठाने त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. चारुदत्तने छोटा डबा चालेल म्हणून सांगितलं आणि जाता जाता टोमणा मारला, ‘काकू, वरण छोटं करू नका फक्त.’ बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही, नुसते डबे घेत राहिले.

एप्रिल तोट्यात गेला. नवा दर लागला नव्हता आणि दाळ पूर्ण पडत होती. विजयाबाईंनी यंदाचा कूलर घ्यायचा बेत रद्द केला आणि किराण्याच्या पैशांचं बोलणं आता दोघींनी एकत्र बसून करायचं ठरलं. त्या बोलण्यातही रोज खटके उडत. एक मात्र बदललं, विजयाबाई दुपारी डब्यांच्याच पातेल्यातलं जेवू लागल्या.

शामरावांचा पत्ता नव्हता. भैय्यालालने सांगितलं, म्हातारा खिचडी रांधून खातो. विजयाबाईंनी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा करणं त्यांना अपमानाचं वाटलं.

महिना संपत आला तेव्हा शर्मिष्ठाचा मोबाइल वाजला. शामरावच होते. त्यांना विजयाबाईंशी बोलायचं नव्हतं.

“एक तारखेपासून डबा पाठव पोरी,” ते म्हणाले. “पूर्ण दराचा. खिचडी खाऊन कंटाळलो. पण बाईले सांग, मी अजून चिडून आहो. दाळ खाऊन पाहीन, मग ठरवीन.”

विजयाबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. “चिडून आहे तर राहा म्हणाव!” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मी काय आनंदात आहे?”

पलीकडून शामरावांचा आवाज आला, “ऐकू आलं मले.”

“येऊ द्या!” विजयाबाई म्हणाल्या, आणि उद्यासाठी तूरडाळ काढायला कोठीकडे वळल्या.