तोरुनने फोन उचललाच नाही

तोरुनची मेल दोन ओळींची होती. ‘या पत्त्यावरून आलेल्या कुठल्याही सूचनेवर मी आता काही करणार नाही. तुम्ही खरे असाल तर मला माफ करा.’

खरे असाल तर! सहा वर्षं आम्ही तिला नमद्याच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, सपाता पाठवतोय. किर्गिझस्तानात, बिश्केकच्या कडेला आमच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर आहे, तिथे अकरा बायका गरम पाणी आणि साबण घालून लोकर लाटतात, आणि त्यातला निम्मा माल नॉर्वेतल्या तोरुनच्या संग्रहालयाच्या दुकानात जातो. हिवाळ्याची मागणी तिने आज तिकडच्या दुपारपर्यंत पक्की करायची होती. नाहीतर तिच्या संग्रहालयाची मंडळी ती दुसरीकडे देणार होती. सोमवारी बायकांना कामावर बोलवायचं की घरीच बसा सांगायचं, ते त्यावर होतं.

आणि हे सगळं एरमेकमुळे. एरमेक म्हणजे आमच्या मालकीण उलकान-एजेंचा दीर. एजे म्हणजे थोरली बहीण. आम्ही सगळ्या त्यांना तसंच म्हणतो. एरमेकने महिन्यापूर्वी एक सेवा विकत घेतली. ती म्हणे युरोपातली दुकानं शोधते, त्यांची वेबसाइट वाचते आणि प्रत्येकाला वेगळी मेल स्वतःच लिहून पाठवते.

“वेगळी कुठली?” मी त्याला आता संगणकासमोर बसवून विचारलं. “हे वाच. ‘परंपरा आणि नावीन्य यांचा तुम्ही साधलेला मेळ पाहून मी भारावून गेले.’ हे वाक्य चपलांच्या दुकानाला चालतं, मध विकणाऱ्याला चालतं, दात काढणाऱ्यालाही चालतं. नाव बदललं की झालं वेगळं?”

“सगळे असंच करतात, सायरा.”

“सगळे करतात म्हणूनच लोक ओळखतात. आणि विषयात हे ‘उत्तर’ का लिहिलंय? कुणी काही विचारलं होतं का तुला?”

“त्याने मेल उघडतात लोक.”

“उघडतात आणि शिव्या घालतात. आणि ही आयला कोण? भागीदारी विभागाची प्रमुख?”

आमच्याकडे आयला नाही. विभागही नाही. एक चहाची किटली आहे आणि मी आहे.

ती मेल तोरुनलाही गेली होती. पत्त्यांची यादी त्याने कुठूनशी उचलली, तिच्यात जुनं गिऱ्हाईक कोण, नवं कोण हे बघायचं कुणाला सुचलं नाही. सहा वर्षांच्या गिऱ्हाइकाला आमच्याच पत्त्यावरून आयलाबाई लिहितात, ‘आपली ओळख व्हावी अशी इच्छा आहे.’ वर तीन स्मरणपत्रं. ‘तुम्ही व्यस्त असाल याची कल्पना आहे, म्हणून पुन्हा लिहिते.’

तरी एवढ्याने ती बिथरली नसती. पण त्याच आठवड्यात मी तिला खरी मेल पाठवली: आमच्या बँकेने परदेशी खाती बंद केली, आता पैसे या नव्या खात्यात टाका. आणि मी मूर्खासारखी ती मेल एरमेकच्या त्या मेल लिहिणाऱ्या यंत्रातून काढली, जरा सभ्य दिसावी म्हणून. माझं इंग्रजी मोडकं. ‘नमस्कार तोरुन, लोकर आली, चांगली आहे, पाऊस वाईट,’ असं मी लिहायचे आणि ती हसायची. या वेळी तिला एक गुळगुळीत पत्र गेलं. एकही चूक नाही. लोकर नाही, पाऊस नाही. फक्त नवं खातं आणि ‘शक्य तितक्या लवकर’.

तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. चोर जसं लिहितो तसंच मी लिहिलं होतं. पूर्वी चोर चुकांवरून कळायचा. आता चुका नाहीत. आता बघायचं ते वेगळंच: पैशांचा रस्ता बदलतोय का, घाई करतोय का, आपल्या दोघांतलं काही त्यात आहे का.

मी लगेच दुसरी मेल लिहिली. ‘तोरुन, कृपया विश्वास ठेव, ही मीच आहे, वेळ कमी आहे.’ पाठवली आणि मग वाचली. विश्वास ठेव, वेळ कमी आहे. अजून चोर काय म्हणतो?

फोन केला. माझा नंबर नवा, तिने उचललाच नाही. संग्रहालयात केला, तर तिथली बाई म्हणाली, निरोप देते. निरोपात मी काय सांगणार? खरी आहे म्हणून?

आमच्या तीन वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी अकराला, उलकान-एजे हात पुसत आत आल्या. चहा ओतला, भाकर मोडली आणि खूश होऊन म्हणाल्या, “पोरी, आज दोन चोर कापले मी.”

“कसले चोर?”

“तूच शिकवलंस ना? बाहेरच्या देशाचा नंबर आला की उचलायचा नाही, चुकून उचलला तर बोलायचं नाही. मी तर शिवीही घातली. एक बाई होती. माझं नाव घेत होती, मेली! नावं कुठून मिळतात यांना?”

मी बिलांची फाइल ओढली.

जुन्या बिलावर एजेंचाच नंबर छापला होता. तोरुनने मेलमधला नंबर घेतला नव्हता, बरोबरच केलं होतं. जुना, आधीपासून माहीत असलेला नंबर शोधून ती विचारायला आली होती, आणि आम्ही तिला शिवी घालून दार आपटलं होतं. दोनदा.

“एजे, ती तोरुन होती!”

“कोण सांगतं?”

“फोन द्या.”

एजेंच्या फोनवरून लावला. तिने उचलला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “नंबर खोटा दाखवता येतो. मी ठेवते आणि मीच लावते.” ठेवला.

मिनिट गेलं. एरमेक नखं चावत होता. फोन वाजला. एजेंनी सवयीने लाल बटणाकडे बोट नेलं, मी त्यांचं मनगट धरलं आणि फोन स्पीकरवर घेतला.

“सायरा, तू फक्त भाषांतर कर,” तोरुन म्हणाली. “मला उलकानचा आवाज ऐकायचाय. तिला सांग, मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तिच्या नवऱ्याने मला घोड्यावर बसवलं, ते मी कधीच विसरले नाही.”

मी सांगितलं. मला स्वतःला ते काही आठवत नव्हतं.

“नवरा?” एजे उसळल्या. “त्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती! आणि घोडा कुठला? शेजारच्या गाढवाला बघून पळाली होती ती, माझ्या लोकरीच्या ढिगावर पडली! कोण बोलतंय हे?”

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. मग तोरुन म्हणाली, “ठीक आहे. यंत्र बोलत असतं तर हो म्हणालं असतं. आधी माझं कौतुक केलं असतं, मग हो म्हणालं असतं. मागणी पक्की करते. पण नवं खातं बँकेच्या सहीशिक्क्याच्या कागदावर टपालाने पाठव. आणि तुमचा तो पत्ता आमच्याकडे आता स्पॅममध्ये जातो, त्यावरून लिहू नकोस.”

मी श्वास सोडला. एरमेक हसायला लागला.

“हसू नकोस,” एजे म्हणाल्या. त्या फोनकडे अजून डोळे बारीक करूनच बघत होत्या. “हिने मला तपासलं. हिला कुणी तपासलं? उद्या माल पाठवायचा आणि ही कुणीतरी दुसरीच निघाली तर? विचार तिला. म्हणावं, तुझ्या मुलीला पाठवलेल्या तपकिरी सपाता बसल्या का?”

“एजे, ती रागावेल.”

“विचार.”

मी विचारलं. घड्याळाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. एजे ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, बोट लाल बटणाच्या वर.

“मला मुलगी नाही,” तोरुन हळूच म्हणाली.

मी सांगितलं. “नाहीच तिला,” म्हणत एजेंनी बोट मागे घेतलं आणि त्या दाराकडे वळल्या.

“बायकांना कळव,” त्या म्हणाल्या. “सोमवारी या म्हणावं. आणि फोन करून सांग, मेल नको.”