अण्णांचं प्रूफ

अण्णांनी छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले होते. त्यामुळे लेकीने बनवलेलं औषधांचं अ‍ॅप हातात येताच त्यांनी आधी चष्मा पुसला.

"अक्षरं मुंगीएवढी आहेत," ते म्हणाले. "आणि ओळी एकमेकींच्या अंगावर बसल्यात."

एरवी प्रत्येक दुरुस्तीला अ‍ॅप नव्याने इन्स्टॉल करून चार पानं ओलांडत तिथवर पोचावं लागायचं. या वेळी लेकीने लाइव्ह एडिट, म्हणजे चालू अ‍ॅपमध्येच बदल दाखवणारी सोय, सुरू केली. फोन केबलने लॅपटॉपला जोडलेला होता. तिने कोडमध्ये अक्षरांच्या आकाराचे सोळाचे बावीस केले, आणि अण्णांच्या हातात, त्याच पानावर, अक्षरं फुगली.

अण्णांना चेव चढला. "अजून दोन वाढव. आता ओळींत जरा हवा खेळू दे." जुळणीचा असा वेग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मनासारखं झाल्यावर केबल काढून ते लेकीच्या आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेले. गडबडीत त्यांच्याकडून अ‍ॅप बंद झालं. त्यांनी पुन्हा उघडलं, तर मुंग्या हजर.

"यात नवीन काय?" आईने विचारलं.

अण्णा पडेल चेहऱ्याने परतले. लेक हसली. "अण्णा, ते बदल चालू अ‍ॅपपुरतेच होते. फोनमध्ये जुनंच अ‍ॅप आहे. कोड मात्र शाबूत आहे."

"म्हणजे प्रूफ पास झालं, छपाई राहिली," अण्णा म्हणाले.

तिने केबल जोडून नवं अ‍ॅप फोनमध्ये चढवायला लॅपटॉपवर रन दाबलं. इन्स्टॉल होईपर्यंत अण्णा फोन हातात धरून उभेच राहिले.