‘आपण’मध्ये कोण कोण

दामिनीला वाघाची भीती वाटत नव्हती. वाघ दिसला तर निदान ओरडता तरी येतं, असं ती आईला म्हणाली. तिला भीती होती ती ऐन वेळी तोंड न उघडण्याची.

वलगावच्या मळ्यात आई, लीलाबाई, मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पोरगी नर्स झाली, धारणीकडे नोकरीला लागली, इथपर्यंत त्यांना सगळं समजत होतं. पण हक्काची रजा घेऊन महिनाभर एका कोरकू घरात राहायला जायचं, तेही फक्त बोलायला, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

“बोलाले कावून जा लागते वं? इथं का कमी बोलतं?”

दामिनीने आईला धारणीकडच्या एका गावातल्या चंदाचं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या, तिने चंदाला दवाखान्यात बाळंत होण्याबद्दल तासभर समजावलं होतं. तिच्या मराठीचं कोरकू जीपचा ड्रायव्हर करत होता. चंदा मान हलवत राहिली. पुढे ती घरीच बाळंत झाली आणि मूल राहिलं नाही. दामिनीला कोणी बोल लावला नाही. नंतर समजलं की तिच्या तासाभराच्या बोलण्याचं ड्रायव्हरने एवढंच केलं होतं: दवाखान्यात जा, नाहीतर मॅडम रागावतात. आता चंदाला पुन्हा दिवस होते.

कोरकू शिकायचा बेत आखला माणिकबाईंनी. जन्मभर मेळघाटात नर्स म्हणून राबून त्या आता मूर्तिजापूरला मुलाकडे राहत होत्या. दामिनीला वाटलं होतं, त्या शब्द पाठ करायला देतील. त्यांनी आधी तिची राहायची जागाच बदलली. क्वार्टरमध्ये राहून रोज गावात जाणं बाद. “तिथं तू दिवसभर मराठीच बोलशीन आन म्हनशीन, आपून मेळघाटात राहून राहिलो.” राहायचं चंदाच्या घरी, तिची सासू शकुन हिच्याजवळ. शकुनला बाजारापुरतं मराठी येतं, पण तेही दिवा लागल्यावर, अडलेलं विचारण्यापुरतंच. दिवसा नाही म्हणजे नाही, आणि हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. कारण ही माणसं मायाळू. पाहुणीची जीभ अडखळली की लगेच तुमच्या भाषेत येतात, आणि तुमचं शिकणं तिथंच बसतं.

मग दिवसाची घडी. सकाळी हँडपंपावर, कारण तिथे रांग असते आणि रांगेत बायका बोलतात. मग घरकाम, बोलत बोलत. हातातल्या वस्तूचं नाव विचारायचं आणि लगेच वाक्यात वापरायचं. दुपारी कोणाबरोबर तरी शेतात. संध्याकाळी रोज वेगळ्या अंगणात, पण गोष्ट तीच सांगायची, आज काय केलं ती. पहिल्या अंगणात फजिती होईल, तिसऱ्यात जमेल. चूक झाली की थांबायचं नाही. आणि ऐकत बसणं म्हणजे बोलणं नव्हे, हे माणिकबाईंनी दोनदा बजावलं.

“हसतीन तुले,” त्या म्हणाल्या. “हसू दे. हसते थे शिकवते.”

हसल्या, पोट धरून हसल्या. चंदाच्या घरी आल्यानंतर थोड्याच दिवसांत जेवायला बसताना दामिनीने मोठ्या ऐटीत सांगितलं की आम्ही जेवू. ‘आम्ही’ला कोरकूत ‘आले’ म्हणतात, हे तिच्या चटकन लक्षात राहिलं होतं, कारण मराठी कानाला वाटतं कोणीतरी आलंच. शकुनने हात मागे घेतला. चंदानेही घेतला. दोघी गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे बघत बसल्या, जेव म्हणे तू. दिवा लागल्यावर शकुनने हसत हसत उलगडा केला. ‘आले’ म्हणजे आम्ही, तू सोडून. तुलाही धरून म्हणायचं तर ‘आबुङ’. दामिनीने कपाळाला हात लावला. आमी आणि आपून, हे तर आईच्या दुधातलं. पण कोरकूत आणखी एक होतं: ‘आलाङ’, फक्त तू आणि मी, दोघीच.

त्या हसण्यानंतर चंदा तिच्याशी बोलू लागली. तोवर ती भिंतीशी टेकून नुसती बघायची. भाकरी थापताना एकदा तिने सांगितलं, तुटक आणि सावकाश, दामिनीला कळावं म्हणून: दवाखान्याचं दार लागतं. आत बाई एकटी असते. आतली माणसं मोठ्याने विचारतात आणि ती काय विचारतात ते समजत नाही. दामिनीला सगळे शब्द कळले नाहीत. भीती मात्र पूर्ण कळली, कारण ती तिच्या स्वतःच्या भीतीसारखीच होती.

चंदाच्या तारखेला अजून अवकाश होता. रजा संपेल, तोवर जीभ वळेल, मग तिला नीट समजावता येईल, असा हिशेब दामिनीने केला होता. पोटातल्या जिवाने तो मानला नाही. एका दुपारी अंगणात बसलेली चंदा उठली आणि तिचं लुगडं ओलं झालेलं दिसलं. पाणी गेलं होतं, वेळेआधी.

चंदाचा नवरा देवमन कामावर परतवाड्याला. मोबाइलला रेंज नाही. शकुनने शेजारच्या पोरीला जीपवाल्याकडे पिटाळलं. इतके दिवस दामिनीने हँडपंपावर, शेतात, अंगणात घोटलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. तिने चंदाचा खांदा धरला आणि जे पहिलं जिभेवर आलं ते बोलली: ‘आले’ जाऊ, दवाखान्यात, आत्ता.

चंदा मागे सरकली. घरात गेली आणि तिने दाराचं बांबूचं फाटक लावून घेतलं.

दामिनी बाहेर उभी. आतून कण्हणं ऐकू येत होतं. तिला मागचं मूल आठवलं, जे तिने कधी पाहिलंच नव्हतं.  मराठीत बोलावं, हिंदीत बोलावं, शकुनला सांग म्हणावं. म्हणजे पुन्हा तोच ड्रायव्हर. आणि एकदम तिला जेवताना हात मागे घेऊन बसलेल्या त्या दोघी दिसल्या. आपण काय बोलून बसलो ते तिला समजलं. आम्ही जाऊ. तुझं आमच्यात काही नाही.

ती फाटकाशी खाली बसली. “आबुङ,” ती म्हणाली. मग पुन्हा, सावकाश, “आबुङ.” शकुन तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनेही तोच शब्द म्हटला.

आतलं कण्हणं थांबलं. मग फटीतून चंदाचा आवाज आला, एकच शब्द, प्रश्न.

“आलाङ?”

 हा शब्द दामिनीने आजवर फक्त गमतीत वापरला होता, एकत्र पाणी आणताना. आत्ता त्याचा अर्थ होता: दार लागेल तेव्हा तू कोणत्या बाजूला असशील? धारणीच्या दवाखान्यात तिची नेमणूक नव्हती. आत घेतील की नाही, तिला माहीत नव्हतं. बाळ वाचेल की नाही, तेही नाही. हो म्हटलं आणि बाहेर राहावं लागलं, तर या घरात तिचा एकही शब्द पुन्हा कोणी खरा धरणार नाही, मग तो कोणत्याही भाषेतला असो.

“आलाङ,” ती म्हणाली.

फाटक उघडलं.

जीपमध्ये चंदाने तिचं मनगट सोडलं नाही.  कळ केव्हा सुरू झाली, पोट कुठे दुखतं, बाळ हलतं का, हे दामिनी विचारत राहिली. चुकत, अडखळत, न थांबता. एका ठिकाणी शब्दच सुचेना, तेव्हा चंदाने हाताने दाखवलं आणि शब्दही सांगितला. तशाही कळेत तिने दामिनीचा उच्चार सुधारला.

धारणीच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत घेताना दारातल्या सिस्टरने हात आडवा केला. पेशंट एकटीच येईल, म्हणाल्या.  चंदा दामिनीकडे बघत होती.

“तिले मराठी समजत नाई, सिस्टर,” दामिनी म्हणाली.  “तुमी मले विचारा, मी तिले विचारतो. मी बी नर्सच आहो. आमी दोघी...” ती थांबली. मराठीत त्याला एक शब्द नव्हता. “आमी दोघी एकच आहो आत्ता.”

सिस्टरने तिच्या मनगटावर रुतलेली चंदाची बोटं पाहिली आणि हात खाली घेतला. मग पहिला प्रश्न विचारला, मोठ्याने, घाईने.

दामिनीने तो चंदाच्या कानाशी वाकून कोरकूत केला. मागे दार लागलं.

चंदाने उत्तर दिलं.