आभाराच्या मेलमधला अकरा

मुलाखत गुरुवारी दुपारी झाली आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता आत्या वही घेऊन टेबलापाशी हजर.

"मी मराठीत लिहिलंय. तू इंग्रजी कर. एका दिवसाच्या आत पाठवायचं म्हणालीस ना?"

भाचीने चहाचा कप बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला. प्रवास कंपनीच्या ऑफिसात ती दिवसभर हेच करायची. चिडलेल्या गिऱ्हाइकांना गोड इंग्रजीत पत्रं लिहून तिचा हात चांगला बसला होता. आत्याच्या वहीवर मात्र तिने एकदा नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. 'आपले उपकार विसरणार नाही', 'या पामराला संधी द्यावी', 'बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास पोटात घालावं'.

"आत्या, ही नोकरीची मुलाखत होती. तू त्यांच्या दारात पदर पसरून उभी नाहीस."

"आभार मानायला कसली आलीय लाज?"

"आभार मानू. पण ताठ मानेने."

आत्याने अकरा वर्षं औषधांच्या एका गोदामात थंड खोली सांभाळली होती. गोदामाला टाळं लागून सात महिने झाले. धाकट्या भावाच्या, म्हणजे भाचीच्या बाबांच्या, घरी तिला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, पण सात महिन्यांत ती जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेईनाशी झाली होती. ते भाचीला दिसत होतं. म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या औषध-भांडाराच्या प्रमुखाची ही नोकरी आत्याला मिळायलाच हवी होती. मुलाखतीत निम्मं बोलणं मराठीत झालं होतं, पण तिथला पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत चालायचा.

भाची झरझर टाइप करू लागली. उपकाराचं झालं 'आपण वेळ दिलात, आभारी आहे'. पामर गेला आणि त्याच्या जागी 'माझा अकरा वर्षांचा अनुभव या कामाला उपयोगी पडेल, याची मला खात्री आहे' आलं. पोटात घालायचं सगळं तिने सरळ उडवलं. मुख्य औषधनिर्मात्याने भांडार फिरवून दाखवलं होतं, त्याचा एका ओळीत उल्लेख केला, कारण असा मेल कुणालाही पाठवता येण्यासारखा वाटला की त्याची किंमत शून्य.

मग वहीतल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदापाशी ती थबकली.

आत्याने लिहिलं होतं, 'आपण विचारलंत की सकाळी फ्रिजच्या तापमानाचा आकडा अकरा दिसला तर लसींचं काय कराल. मी म्हणाले, लगेच दुसऱ्या चालू फ्रिजमध्ये हलवेन. ते अर्धंच उत्तर होतं. चांगल्या मालात मिसळल्या तर कुठल्या लसी तापल्या होत्या हे नंतर कुणालाच कळणार नाही. आमच्या जुन्या गोदामात तसंच करायचे आणि नोंदही करायचे नाहीत. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आणि काल घाईत तेच तोंडातून गेलं.'

भाचीने आत्याकडे पाहिलं. ती ओट्यापाशी मटार सोलत होती. आपण होऊन चुकीची कबुली द्यायची, म्हणजे हातची नोकरी घालवायची. बहुतेक त्या लोकांच्या लक्षातही आलं नसेल. आलंच असेल, तर आठवण करून द्यायची गरज काय? तिने परिच्छेद गाळला. आपण आत्याचं भलंच करतोय, असं तिने स्वतःला बजावलं.

"झालं."

"वाचून दाखव. मराठीत," आत्या हात पुसत आली. गोदामातली ही तिची सवय. माल आला की एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने खोकी मोजायची. त्याशिवाय ती सही करायची नाही.

भाचीने वाचायला सुरुवात केली. आभार वाचले, अनुभव वाचला. मग तिची जीभ क्षणभर अडली, आणि तिने वहीतला तो गाळलेला परिच्छेदही, जणू समोर स्क्रीनवरच आहे अशा थाटात, वाचून टाकला. शेवटी 'आपल्या निर्णयाची वाट पाहते'. आत्या 'बरं झालंय' म्हणाली असती, तर पाठवण्याचं बटण एका बोटावर होतं.

आत्याने चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, मोजायला मात्र छान येत होतं.

"तू चार परिच्छेद वाचलेस. इथे तीन आहेत."

"दोन जोडून लिहिलेत, आत्या."

"असं होय? मग अकरा कुठे आहे?"

आत्या ओळीओळीवरून बोट फिरवत गेली. एक अकरा सापडला, तो वर्षांचा. दुसरा नव्हताच.

"आकडा तर इंग्रजीतही लिहितातच ना?"

"मी काढला तो," भाची म्हणाली. "तुला नोकरी मिळावी म्हणून."

आत्या रागावली नाही, त्यामुळेच भाचीला जास्त लागलं. ती खुर्चीवर बसली आणि मटारची एक शेंग उगाच हातात फिरवत राहिली.

"काढलास ते समजू शकते मी. पण वाचलास कशाला? खोकं आत नाही आणि यादीत आहे, अशा मालावर मी कधी सही केली नाही गं. आणि त्या लसी लहान मुलांना टोचतात."

"चुकले मी," भाची म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "सांग. अर्ध्या उत्तराचं दुसरं अर्धं काय?"

आत्या सांगत गेली आणि बोलता बोलता तिची पाठ सरळ झाली. लसी वेगळ्या काढायच्या. दोन ते आठ अंशांतच ठेवायच्या, पण 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून चांगल्या मालापासून लांब. किती वाजता पाहिलं, आकडा कुठवर चढला होता, किती वेळ, सगळं लिहायचं. वरिष्ठांना कळवायचं, लस बनवणाऱ्या कंपनीला विचारायचं. उत्तर येईपर्यंत वापरायच्या नाहीत आणि फेकायच्याही नाहीत.

भाचीने क्षमा हा शब्द कुठेच घातला नाही. तिने लिहिलं, 'फ्रिजबद्दलच्या आपल्या प्रश्नावर मी पुन्हा विचार केला. माझं उत्तर अपुरं होतं, ते इथे पूर्ण करते.' पुढे पाच छोटी वाक्यं. लिहून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. सगळ्या मेलमध्ये सर्वांत ताठ मानेचा परिच्छेद हाच होता.

आत्याने परिच्छेद मोजले. चार. दुसरा अकराही सापडला. मग बटण तिने स्वतः दाबलं.

पुढचे चार दिवस घरात कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. बुधवारी संध्याकाळी भाची ऑफिसातून आली तर आत्या ओट्यापाशीच होती.

"उत्तर आलंय. तुझ्याकडूनच वाचून घ्यायचं म्हणून ठेवलंय."

भाचीने मेल उघडला आणि पहिल्या ओळीतच तिला नकार दिसला. खाली दुसरा परिच्छेद दिसत होता. तो आधी वाचावा, असं तिला फार फार वाटलं. तिने मन घट्ट केलं आणि वरून सुरुवात केली.

"लिहिलंय, भांडारप्रमुखाची जागा जास्त शिकलेल्या उमेदवाराला दिली आहे."

"हं," आत्या म्हणाली. हातातली सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"पुढे लिहिलंय, 'लसींच्या शीतकक्षाची जबाबदारी आम्ही वेगळी करत आहोत. फ्रिजचा प्रश्न आम्ही सहा जणांना विचारला. त्याचं उत्तर दुरुस्त करून पाठवणाऱ्या आपण एकट्याच. ती जागा आपण घ्याल का? सोमवारी येऊन भेटावं.'"

सुरी खाली ठेवली गेली. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि नाक ओढलं.

"पुन्हा वाच. नुसता तो दुसरा परिच्छेद."

भाचीने वाचलं. वाचून झाल्यावर तिने लॅपटॉप आत्याकडे वळवला आणि चष्मा पुढे केला. आत्याने चष्मा घेतला, घडी केली आणि तिच्याच हातात परत दिला. "आज मोजायचं नाही."