आला रतन!

वाकोल्याच्या एका छोट्या स्टुडिओत फळ्यावर आठ चौकोन आखले होते. कार्टूनचे आठ भाग, प्रत्येक तीन मिनिटांचा. भाग कुठे अडकवून सोडायचा ते चौकोनात लाल शाईने, आणि भागाभागांत परत येणारा विनोद निळ्याने. दोन्ही मीराने लिहिलेलं.

निळा विनोद अगदी साधा होता. सोसायटीत काही अडलं की झाडूवाला रतन टपकतो आणि पोरं ओरडतात, "आला रतन!" सहा भाग हेच. पाहणाऱ्याला सवय लागली की सातव्याच्या शेवटी पोरं ओरडतात, आणि जिन्यातून रतन येत नाही. तिथे पडदा काळा, भाग संपला. मीराची सगळी भिस्त त्या रिकाम्या जिन्यावर होती.

तिचे बाबा धोंडिराम तीस वर्षं महापालिकेत सफाईला होते. "रतन म्हणजे तुम्हीच," असं तिने त्यांना सांगून टाकलं होतं. ते रोज विचारत, कधी लागणार गं तुझं कार्टून?

आज पहिला भाग तयार होऊन आला. पडद्यावर रतन जिन्यात दिसला. पोरं ओरडली, "आला रतन!" आणि चौघांनी एकदम नाकं दाबली. एक तर हिरवा पडला.

दिग्दर्शक सुबोध खो खो हसला. "झकास ना? सम्यकने एकदाच काढलंय, सातही भागांत तेच चिकटवायचं. मेहनत वाचली!"

"हे कोणी सांगितलं?" मीराने विचारलं.

"सुबोधदादा बोलला, मी काढलं," चित्रं काढणारा सम्यक पडद्याकडे बघतच पुटपुटला.

 मीराने आवाज सरळ ठेवला. "सुबोध, सातवा भाग मेला तुझा. ज्याच्या वासाने नाकं दाबली, तो आला नाही तर पोरांना बरंच वाटेल. मग पुढचा भाग कोण बघेल?"

सुबोधने खरोखर विचार केला. तिला क्षणभर आशा वाटली.

"बरोबर बोललीस यार." त्याने सातव्या चौकोनातली लाल ओळ बोटाने पुसली आणि नवी लिहिली. "पोरं खूश, मोकळा श्वास घेतात. तेवढ्यात बेल वाजते. दाराखालून हिरवा धूर. कट! कोण असेल? सगळ्यांना माहितीये, तरी बघणार."

अडकवणं जमलं होतं, चोख जमलं होतं. तिनेच दाखवलेली चूक त्याने अशी दुरुस्त केली होती. तिला स्वतःच्या हुशारीचीही किळस आली.

"लेखिका म्हणून माझं नाव काढ."

"अगं, चिडतेस काय? विनोद आहे."

"नाव काढ, सुबोध. आणि ते 'आला रतन' वाक्यही."

"नाव काढतो," सुबोध म्हणाला. "वाक्य कसं काढू? पोरांचे आवाज भरून झालेत."

मागे सम्यकने परत सुरुवातीपासून लावलं. मीरा जिना उतरत होती तरी पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं. खाली येऊन तिने बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"लागलं का गं?"

"लागेल," ती म्हणाली. "तुम्ही बघू नका."