तीन ठिकाणी ऐकलेलं गाणं

मामाला सगळे कानसेन म्हणत आणि मामा ते मनावर घेई. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तर ती कुठल्या सुरात पडली हे सांगणारा माणूस. बायकोने चारदा सांगितलेलं मात्र त्याच्या कानावर कधी आलं नाही.

दोघी भाच्यांची गाणी तोच मिक्स करी. थोरली आणि धाकटी नेहमी जोडीने गात. मग धाकटी छातीच्या दुखण्याने गेली आणि तिचं शेवटचं गाणं मामाच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट राहिलं. आज ते सिनेमावाल्यांना पाठवायचं होतं. सिनेमावाले थोडे थांबलेही असते. पण ताईचा, म्हणजे मामाच्या बहिणीचा, पोरींच्या आईचा, जीव त्या गाण्यात अडकला होता. ती अंथरुणाला खिळलेली. उशाशी एक जुना फोन, त्यावरच ती काय ते ऐकायची.

"आधी इअरबड," मामा म्हणाला.

थोरलीने ते कानात घातले आणि डोळे मिटले. "अगदी मागे उभी आहे माझ्या," ती म्हणाली. मामाला बरं वाटलं. धाकटीचा आवाज त्या दिवशी पातळ लागला होता. त्याने त्याच्या दोन प्रती करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकली होती आणि उजवीकडचीची ध्वनिलहर उलटी केली होती, चढाच्या जागी उतार. त्यामुळे आवाज दोन्ही कानांभोवती पसरला होता.

मग त्याने ताईच्या फोनसारखाच जुना, एका स्पीकरचा फोन काढला. गाणं सुरू झालं. पेटी, तबला, थोरली. धाकटीची ओळ आली आणि तिथे नुसती पेटीच वाजत राहिली.

"मामा, ती कुठे गेली?"

मामाने फोन खाली ठेवला. चूक नवशिक्याची होती. "या फोनला स्पीकर एकच. डावं-उजवं त्यात एकत्र होतं. सुलट्यातून उलटं वजा झालं की हातात शून्य."

"म्हणजे आईला मी एकटीच ऐकू आले असते," थोरली म्हणाली.

मामाने दोन्ही प्रती पुसल्या. मूळ रेकॉर्डिंग पुन्हा उचललं, मधोमध ठेवलं, आवाज चढवला. फोनवर धाकटी परत आली. पातळ होती, पण होती. थोरलीने पदराने नाक पुसलं.

राहिला हॉल. स्टुडिओच्या खाली नाटकवाल्यांचा तालमीचा हॉल होता. तिथे माणसाच्या उंचीचा एक स्पीकर होता. मोठ्या जागेत गाणं कसं उभं राहतं ते मामा तिथे बघून घेई. दुपारी हॉल रिकामा होता. दोघं मागच्या खुर्च्यांवर बसली.

धाकटीची ओळ आली आणि तिच्या खालून आणखी काहीतरी आलं. खर्जातली घरघर. ओळ संपली, तिने श्वास घेतला, तेव्हा ती घरघर खुर्चीच्या लाकडातून पाठीला लागली.

"हे काय वाजतंय?"

ती धाकटीची छाती होती, मामाला ते पहिल्या क्षणी कळलं. रेकॉर्डिंगच्या दिवशीही हेडफोनमध्ये हेच आलं होतं. तेव्हा त्याने पंख्यावर आळ घेतला, मग माइकच्या स्टँडवर. शेवटी खालचे आवाज गाळणारा फिल्टर लावला आणि विषय संपवला. आज नव्याने उचललेल्या रेकॉर्डिंगवर तो फिल्टर नव्हता, आणि मघाशी फोनच्या इवल्या स्पीकरला खर्ज पेलला नव्हता. त्या दिवशी गाण्यातली खोट शोधायला तो बसला होता, त्यामुळे खोट गाण्यातच असणार असं त्याने धरलं. समोर पोरगी उभी होती, तिच्याकडे त्याने बघितलंच नाही.

"पंखा असेल," तो म्हणाला.

स्पीकरमध्ये धाकटी पुढची ओळ गात होती.

"पंखा तू बंद केला होतास, मामा. घामाने निथळत होतो आम्ही. ती म्हणाली, मामाचे कान फार तिखट आहेत, कुरकुर करू नकोस."

मामाने स्पीकर बंद केला.

"काढता येईल हे?" तिने विचारलं.

"येईल. मागेही काढलं होतं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. थोरलीलाही कळलं. ती उठून वर गेली.

मामाने फिल्टर लावला, तिन्ही ठिकाणी पुन्हा ऐकलं, गाणं पाठवून दिलं. कुठेच घरघर नव्हती. काम चोख झालं होतं आणि त्याला त्या चोखपणाची शिसारी आली.

संध्याकाळी ताईच्या उशाशी दोघं होती. फोन उशीवर ठेवला होता. ताईने पूर्ण गाणं ऐकलं, मग धाकटीची ओळ परत लावायला सांगितली. थोरली खिडकीबाहेर बघत होती.

"दोघी आहेत," ताई म्हणाली. मग तिने मामाचा हात धरला. "तुझ्याकडून काही सुटत नाही म्हणून विचारते रे. तेव्हा बरी होती ना ती? श्वास कसा मोकळा लागलाय बघ."

थोरलीने मान वळवून मामाकडे बघितलं.

"हो ताई," मामा म्हणाला. "अगदी मोकळा."